पोर्टल फ्रेमला साइड स्वे असेल तर एन्ड मोमेंट कसे काढायचे? जॉइंट बॅलन्स होऊनही उत्तर का चुकतं?

प्रश्न: फ्रेम ABCD, A आणि D दोन्ही फिक्स्ड. डावा कॉलम AB ६ मीटर, उजवा कॉलम CD ४ मीटर, बीम BC ६ मीटर. कॉलमचा EI सारखाच, बीमचा 2EI. बीमवर २० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल आहे आणि AB च्या मध्यावर डावीकडून उजवीकडे ४० किलोन्यूटनचा आडवा लोड. स्लोप डिफ्लेक्शनने सोडवलं. B आणि C दोन्ही जॉइंटला मोमेंटची बेरीज बरोबर शून्य येते, पण माझा D चा मोमेंट ६९.४ येतो आणि उत्तर ३६.३ दिलंय. इक्वेशन तीनदा तपासले, चूक सापडत नाही. सविस्तर सांगाल का?

उत्तर:

तुमची चूक शिअर इक्वेशनमध्ये आहे, आणि ६९.४ या आकड्यावरून ती नेमकी कोणती हेही कळतं: कॉलमच्या मधोमध असलेला ४० चा लोड तुम्ही पूर्णच्या पूर्ण बीमच्या पातळीवर नेऊन ठेवलाय. जॉइंट बॅलन्स होतात म्हणून चूक दिसत नाही, कारण जॉइंटची बेरीज शिअर इक्वेशन तपासतच नाही. हे कसं ते पुढे आकड्यांनीच दाखवतो. आधी गणित सुरुवातीपासून नीट मांडू.

चिन्हांचा नियम एकच ठेवा: मेंबरच्या टोकावरचा मोमेंट घड्याळाच्या दिशेने असेल तर धन, जॉइंटचं रोटेशन घड्याळाच्या दिशेने धन, आणि Δ उजवीकडे धन. फ्रेम कुठल्या बाजूला झुकेल याचा अंदाज बांधायची गरज नाही. दोन्ही कॉलमसाठी Δ उजवीकडेच धरा. फ्रेम प्रत्यक्षात डावीकडे जात असेल तर Δ ऋण येईल, एवढंच. अंदाज बांधून मध्येच चिन्ह बदलणारे विद्यार्थी हमखास एका कॉलमला एक आणि दुसऱ्याला दुसरं चिन्ह लावून बसतात.

मूळ इक्वेशन:

M_AB = FEM_AB + (2EI/L)(2θA + θB − 3Δ/L)

यातलं Δ/L म्हणजे मेंबरच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेचं रोटेशन. कॉलमचं वरचं टोक उजवीकडे सरकलं की ही रेषा घड्याळाच्या दिशेने फिरते, आणि त्यामुळे टोकांवर उलट दिशेचे मोमेंट तयार होतात. वजा चिन्ह त्यासाठी आहे.

बीमची लांबी बदलत नाही असं आपण धरतो, म्हणून B आणि C दोघेही सारखेच Δ सरकतात. पण कॉलमची लांबी वेगळी असल्यामुळे रोटेशन सारखं नसतं: AB साठी ते Δ/6, CD साठी Δ/4. वेगवेगळ्या उंचीच्या फ्रेममध्ये दोन्ही कॉलमला एकच रोटेशन देणं ही दुसरी नेहमीची चूक. ती तुम्ही केलेली नाही. बीम आडवाच राहतो, त्यामुळे BC च्या इक्वेशनमध्ये Δ येतच नाही.

आता फिक्स्ड एन्ड मोमेंट. बीमसाठी wL²/12 म्हणजे ६०. डाव्या टोकाला ऋण, उजव्या टोकाला धन. कॉलम AB साठी PL/8 म्हणजे ३०. इथे चिन्ह ठरवताना गोंधळ होत असेल तर कागद घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. A डावीकडे आणि B उजवीकडे येतो, आडवा लोड खाली दाबणारा दिसतो, आणि मग नेहमीच्या बीमसारखं A ला −३०, B ला +३०. CD वर लोड नाही, म्हणून तिथे शून्य.

A आणि D फिक्स्ड असल्याने θA आणि θD शून्य. अज्ञात उरले तीन: θB, θC आणि Δ. प्रत्येक वेळी EI लिहीत बसायला नको म्हणून पुढे θB म्हणजे EIθB, Δ म्हणजे EIΔ असं समजा.

M_AB = −30 + θB/3 − Δ/6
M_BA = 30 + 2θB/3 − Δ/6
M_BC = −60 + 4θB/3 + 2θC/3
M_CB = 60 + 2θB/3 + 4θC/3
M_CD = θC − 3Δ/8
M_DC = θC/2 − 3Δ/8

बीमचा गुणक 2E(2I)/6 म्हणजे 2/3 होतो, AB चा 1/3, CD चा 1/2. इथवर तुमचंही हेच असणार, नाहीतर ६९.४ हा आकडा आला नसता.

जॉइंटची दोन इक्वेशन सरळ आहेत.

B ला: M_BA + M_BC = 0
2θB + 2θC/3 − Δ/6 = 30

C ला: M_CB + M_CD = 0
2θB/3 + 7θC/3 − 3Δ/8 = −60

तिसरं इक्वेशन लिहिताना पाठ केलेलं सूत्र वापरू नका. "दोन्ही कॉलमच्या मोमेंटची बेरीज भागिले लांबी, अधिक P, बरोबर शून्य" हे सूत्र लोड बीमच्या पातळीवर असेल तेव्हाच खरं असतं. लोड कॉलमच्या अंगावर असेल तर कॉलम सुटा काढून त्याचा फ्री बॉडी डायग्राम काढावाच लागतो. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉलम AB सुटा करा. त्यावर काय काय आहे? खाली A ला आडवी रिॲक्शन H_A (उजवीकडे धन धरू), मोमेंट M_AB, वर M_BA, आणि मध्यावर उजवीकडे ४०. वरच्या टोकाला बीमकडून येणारं बलही आहे, पण B भोवती मोमेंट घेतले की ते बाद होतं. B च्या खाली उजवीकडे ढकलणारं बल कॉलमला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतं, म्हणून ते ऋण:

M_AB + M_BA − 6H_A − 40 × 3 = 0

म्हणजे

H_A = (M_AB + M_BA)/6 − 20

हा −२० नीट पाहा. टोकांचे मोमेंट शून्य असते तर कॉलम साध्या टेकू दिलेल्या बीमसारखा वागला असता, आणि ४० पैकी २० थेट A मध्ये गेले असते, उरलेले २० वर B ला. म्हणजे लोडचा जो भाग सरळ पायात उतरतो तो फ्रेमला झुकवायला उरतच नाही. लोड पायापासून a उंचीवर असेल तर वर जाणारा भाग Pa/L. पूर्ण कॉलमवर यूडीएल असेल तर wL/2.

CD वर मध्ये लोड नाही, म्हणून

H_D = (M_CD + M_DC)/4

आता संपूर्ण फ्रेमवरच्या आडव्या बलांची बेरीज. इथे मात्र ४० पूर्ण येतो, कारण आपण आता सगळी फ्रेम बघतोय:

H_A + H_D + 40 = 0

H_A ची किंमत घातली की −२० आणि +४० मिळून +२० उरतात:

(M_AB + M_BA)/6 + (M_CD + M_DC)/4 + 20 = 0

तुमच्या कागदावर इथे २० च्या जागी ४० असणार. H_A लिहिताना लोडचा मोमेंट विसरला आणि शेवटच्या बेरजेत लोड मात्र पूर्ण घेतला, की नेमकं हेच होतं.

किंमती घातल्यावर:

θB/6 + 3θC/8 − 35Δ/144 = −20

सोडवायला बसण्याआधी इथे एक छान तपासणी करता येते, आणि ती मी कधीच टाळत नाही. शिअर इक्वेशनची सगळी चिन्हं उलटी करा आणि तिन्ही इक्वेशनचे गुणक एकाखाली एक लिहा:

2 , 2/3 , −1/6
2/3 , 7/3 , −3/8
−1/6 , −3/8 , 35/144

कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे दिसतात. हा योगायोग नाही. हे स्टिफनेस मॅट्रिक्स आहे आणि ते सममित असायलाच हवं. B च्या इक्वेशनमध्ये Δ चा गुणक −1/6 असेल, तर शिअर इक्वेशनमध्ये θB चा गुणकही तोच आला पाहिजे. एखाद्या इक्वेशनमध्ये कॉलमची लांबी चुकली, एखादं 3Δ/L चुकलं, की सममिती लगेच मोडते. फक्त एवढं लक्षात ठेवा की ही तपासणी डाव्या बाजूचीच आहे. उजव्या बाजूचा लोड चुकला असेल तर ती काहीच बोलत नाही. तुमच्या बाबतीत मॅट्रिक्स बरोबर होतं, म्हणून तीनदा बघूनही काही खटकलं नाही.

आता सोडवू. अपूर्णांक काढून टाकले की:

12θB + 4θC − Δ = 180
16θB + 56θC − 9Δ = −1440
24θB + 54θC − 35Δ = −2880

पहिल्यातून Δ = 12θB + 4θC − 180. हे दुसऱ्यात घातलं की θC = 4.6θB − 153, आणि तिसऱ्यात घातलं की 396θB + 86θC = 9180. यावरून:

θB = 28.22
θC = −23.19
Δ = 65.85

(तिन्ही भागिले EI.) Δ धन आहे, म्हणजे फ्रेम उजवीकडे झुकते. θB घड्याळाच्या दिशेने, θC उलट दिशेने. बीम खाली वाकत असताना हेच अपेक्षित आहे. कल्पना यावी म्हणून: EI समजा २०,००० kN·m² असेल तर सरकणं साधारण ३.३ मिलिमीटर.

एन्ड मोमेंट, किलोन्यूटन-मीटरमध्ये:

M_AB = −31.57
M_BA = +37.84
M_BC = −37.84
M_CB = +47.89
M_CD = −47.89
M_DC = −36.29

D ला ३६.३ मिळाले.

आता तुमचं गणित शेवटपर्यंत नेऊन पाहू. तिसऱ्या इक्वेशनमध्ये २० ऐवजी ४० घातले तर उजवी बाजू −५७६० होते आणि उत्तरं येतात θB = 31.86, θC = −6.46, Δ = 176.45. त्यावरून M_BA = +21.83 आणि M_BC = −21.83. बेरीज शून्य! C लाही M_CD = −72.63 आणि M_CB = +72.63. बेरीज शून्य! D ला मात्र −69.40, म्हणजे खऱ्या उत्तराच्या जवळजवळ दुप्पट.

असं का होतं? कारण जॉइंटची दोन इक्वेशन तुम्ही सोडवलेल्या तिघांमध्येच आहेत. तिसरं इक्वेशन कसंही असो, सोडवण्यात आकडेमोडीची चूक नसेल तर पहिली दोन पाळली जाणारच. म्हणजे जॉइंट बॅलन्स झाला याचा अर्थ "मी तीन इक्वेशन नीट सोडवली" इतकाच. "इक्वेशन बरोबर मांडली" याचा तो पुरावा नाही.

पुरावा हवा असेल तर वेगळ्या वाटेने जावं लागतं. एन्ड मोमेंट हातात आले की प्रत्येक कॉलमचा फ्री बॉडी नव्याने, कोऱ्या कागदावर काढा आणि आडव्या रिॲक्शन काढा. तुमच्या आकड्यांनी:

H_A = (−48.79 + 21.83)/6 − 20 = −24.49
H_D = (−72.63 − 69.40)/4 = −35.51

बेरीज −६०. फ्रेमवर आडवा लोड ४० आणि पायातून उलट येणारं बल ६०. असं असेल तर फ्रेम जागेवर राहणारच नाही. चूक इथे लगेच उघडी पडते. बरोबर उत्तराने करून बघा:

H_A = (−31.57 + 37.84)/6 − 20 = −18.96
H_D = (−47.89 − 36.29)/4 = −21.04

बेरीज −४०.

अट एकच: हे करताना जुन्या शिअर इक्वेशनकडे बघायचं नाही. तिथूनच −२० उचलला किंवा विसरला तर तीच चूक पुन्हा होईल आणि तपासणीही खुशाल जुळेल. म्हणून मला त्याहून भरवशाची वाटते ती A भोवती पूर्ण फ्रेमच्या मोमेंटची बेरीज. तिच्यात उभ्या रिॲक्शन येतात, त्या शिअर इक्वेशनमध्ये कुठेच नव्हत्या. बीमवरून C ला उभं बल 60 + (47.89 − 37.84)/6 = 61.68, तेच D ला उतरतं. D चा पाया A पेक्षा २ मीटर वर आहे हे विसरू नका. वेगळ्या उंचीच्या फ्रेममध्ये इथेच घसरतात. घड्याळाच्या दिशेने धन:

आडवा लोड: 40 × 3 = +120
यूडीएल: 120 × 3 = +360
D ची उभी रिॲक्शन: 61.68 × 6 = −370.1
D ची आडवी रिॲक्शन: 21.04 × 2 = −42.1
पायातले मोमेंट: −31.57 − 36.29 = −67.9

बेरीज शून्य, दशांशातला किरकोळ फरक सोडला तर. हे जुळलं की उत्तर निश्चिंतपणे लिहा.

स्वे इतका महत्त्वाचा का, हेही याच फ्रेममध्ये दिसतं. Δ शून्य धरून फक्त दोन जॉइंट इक्वेशन सोडवली तर D चा मोमेंट −16.58 येतो, म्हणजे खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. त्या उत्तराच्या आडव्या रिॲक्शन काढल्या तर −15.66 आणि −12.43, बेरीज −28.09. उरलेले जवळजवळ १२ किलोन्यूटन कोण घेतंय? बीमच्या टोकाला नसलेला एक काल्पनिक टेकू. स्वे आहे की नाही अशी शंका असेल तर असा टेकू कल्पून त्याच्यावर बल येतं का ते बघावं. आडवा लोड नसला तरीही या फ्रेममध्ये स्वे होईल, कारण कॉलमची उंची वेगळी आहे आणि फक्त यूडीएलनेही दोन्ही पायांची आडवी बलं टेकूशिवाय जुळणार नाहीत. सममित फ्रेम आणि सममित लोड दोन्ही असतील तरच Δ शून्य धरा.

बेंडिंग मोमेंट डायग्राम काढताना आणखी एक अडचण येते, म्हणून तेही सांगतो. स्लोप डिफ्लेक्शनमधलं धन-ऋण हे फिरण्याच्या दिशेचं आहे, सॅगिंग-हॉगिंगचं नाही. M_AB −31.57 आणि M_BA +37.84 यांची चिन्हं उलटी असली तरी दोन्ही ठिकाणी ताण कॉलमच्या बाहेरच्या, डाव्या बाजूलाच आहे. मध्यावर PL/4 म्हणजे ६० मधून दोन टोकांची सरासरी ३४.७ वजा केली की २५.३ उरतात, आणि तिथे ताण आतल्या बाजूला. याउलट CD मध्ये दोन्ही चिन्हं ऋण आहेत, म्हणून ताण वर बाहेरच्या बाजूला आणि खाली पायाशी आतल्या बाजूला; मोमेंट D पासून साधारण १.७२ मीटरवर शून्यातून जातो. डायग्राम नेहमी ताणाच्या बाजूला काढा, म्हणजे सळई कुठल्या बाजूला द्यायची हे त्यावरूनच दिसतं.

D फिक्स्ड नसून हिंज असता तर चौथा अज्ञात θD घेत बसू नका. M_DC शून्य असल्याने CD साठी सुधारित रूप वापरा:

M_CD = (3EI/4)(θC − Δ/4)

आणि H_D = M_CD/4. इथे Δ चा गुणकही 6EI/L² वरून 3EI/L² वर येतो हे लक्षात ठेवा. CD वर लोड असेल तर फिक्स्ड एन्ड मोमेंटही तसाच ठेवून चालत नाही. D कडच्या फिक्स्ड एन्ड मोमेंटचा अर्धा भाग C कडच्यातून वजा करावा लागतो.